अर्ध्या इमारतीत थंड हवा, अर्ध्या इमारतीत थंड स्लॅब: चाळीस वर्षांचा हिशेब

इमारतीच्या एसीची टेंडरं उघडली की सगळ्यांचे डोळे आधी शेवटच्या ओळीतल्या रकमेकडे जातात. थोडा लांबचा विचार करणारा कोणी असेल तर तो विचारतो, ‘जादा पैसे किती वर्षांत वसूल होतील?’ हा प्रश्न बरा आहे, पण अपुरा आहे. वसुली झाली की त्याचं उत्तर संपतं. इमारत मात्र पुढे तीस-चाळीस वर्षं उभी असते आणि विसाव्या वर्षाच्या आसपास चिलर म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, पंप, पंखे यांची बदली दारात येऊन उभी राहते. हे सगळं धरून केलेल्या हिशेबाला आयुष्यभराचा खर्च म्हणतात. तो नीट करायचा तर तुलनाही तितकीच चोख हवी आणि अडचण नेमकी तिथेच असते. दोन वेगळ्या इमारतींची उन्हं वेगळी, माणसं वेगळी, कामाचे तास वेगळे. मग फरक यंत्रणेचा की इमारतीचा, हे सांगणार कसं?

म्हणूनच हैदराबादजवळच्या पोचारम इथल्या इन्फोसिसच्या आवारात झालेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. २०११ मध्ये वापरात आलेल्या तिथल्या एका मोठ्या कार्यालयीन इमारतीचे दोन सारखे भाग केले गेले. एका भागात नेहमीची पद्धत बसवली: हवा थंड करायची, डक्टमधून फिरवायची आणि प्रत्येक विभागात गरजेप्रमाणे कमी-जास्त सोडायची. दुसऱ्या भागात स्लॅब ओतण्याआधीच त्यात प्लास्टिकचे पाइप घातले आणि त्यांतून थंड पाणी खेळवून आख्खं छतच गार ठेवलं. ऊन तेच, काम तेच, वर्ष तेच. पहिल्या वर्षात वातानुकूलनाला नेहमीच्या भागात दर चौरस मीटरमागे ३८.७ युनिट वीज लागली आणि थंड स्लॅबच्या भागात २५.७ युनिट. म्हणजे ३४ टक्के कमी. उभारणीचा खर्चही दोन्हीकडे जवळपास सारखाच आला.

ही बचत येते कुठून, ते समजून घेण्यासारखं आहे. भर उन्हातून जुन्या दगडी देवळाच्या गाभाऱ्यात शिरलं की लगेच गार वाटतं. तिथली हवा फारशी थंड नसते, भिंती थंड असतात. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश असतं आणि तिच्यातून सतत उष्णतेचं प्रारण बाहेर पडत असतं. समोरचा पृष्ठभाग थंड असला तर तो ही उष्णता शोषून घेतो आणि अंगाला थंडावा जाणवतो. छत २०-२१ अंशांवर ठेवलं तर खोलीतली हवा २६ अंशांची असूनही माणसं आरामात काम करतात.

पहिला फायदा उष्णता वाहून नेण्यातला. एक घनमीटर पाणी तेवढ्याच तापमानवाढीत एक घनमीटर हवेच्या सुमारे ३,५०० पट उष्णता उचलतं. बोटाएवढ्या जाडीच्या पाइपातून पाणी जे काम करतं त्यासाठी हवेला रुंद डक्ट आणि मोठे पंखे लागतात. त्यात पंख्याने खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊन त्याच हवेत मिसळते आणि तीही चिलरलाच बाहेर काढावी लागते.

दुसरा फायदा चिलरमधला, आणि माझ्या मते खरी गंमत इथे आहे. नेहमीच्या पद्धतीत एकच थंड हवा दोन कामं करते, खोली गार करते आणि दमटपणाही काढते. बाष्प काढायचं तर हवा तिच्या दवबिंदूखाली, म्हणजे बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्या तापमानाखाली न्यावी लागते, म्हणून चिलरला पाणी ७ अंशांपर्यंत थंड करावं लागतं. थंड स्लॅबच्या पद्धतीत ही कामं वाटून दिलेली असतात. दमटपणा काढायला बाहेरची ताजी हवा कोरडी करून देणारं एक छोटं यंत्र असतं आणि उष्णतेचा मोठा वाटा स्लॅब उचलतो. स्लॅबला १४ अंशांचं पाणी पुरतं.

७ आणि १४ यांत एवढं काय? चिलर उष्णतेला खालच्या तापमानावरून वरच्या तापमानावर चढवतो आणि चढ जितका मोठा तितकी वीज जास्त. समजा आतलं शीतक द्रव्य ५ अंशांवर उकळतं आणि बाहेर ३८ अंशांवर उष्णता सोडतं. शाळेत शिकलेले केल्विन आठवले तर आदर्श चिलर एका युनिट विजेत २७८ भागिले ३३, म्हणजे ८.४ युनिट उष्णता हलवील. उकळण्याचं तापमान १२ अंश केलं की हिशेब २८५ भागिले २६, म्हणजे जवळपास ११. प्रत्यक्षातले चिलर या आदर्शाच्या बरेच खाली चालतात, पण सुधारणेचं प्रमाण साधारण असंच राहतं. जादा यंत्र नाही, नवा शोध नाही. चढ सात अंशांनी कमी केला, एवढंच.

आता पैशांकडे येऊ. १०,००० चौरस मीटरची इमारत घेऊ आणि वीजवापर हैदराबादचाच ठेवू. बाकीचे आकडे माझी गृहीतकं आहेत, वाचकांनी आपापले घालून पाहावेत. वीज १० रुपये युनिट, उभारणी दोन्हीकडे ३ कोटी ३० लाख, कालावधी ४० वर्षं. चाळीस वर्षांनंतरचा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो, म्हणून पुढचे सगळे खर्च महागाई वगळून ५ टक्के वटाव दराने आजच्या मोलात आणू. या दराने ४० वर्षं दरसाल होणारा खर्च आज एकरकमी सुमारे १७.१६ पट भरतो आणि विसाव्या वर्षीचा एक रुपया आज ३८ पैशांचा ठरतो.

नेहमीच्या पद्धतीचं वार्षिक वीजबिल ३८ लाख ७० हजार, म्हणजे आजच्या मोलात ६ कोटी ६४ लाख. थंड स्लॅबचं २५ लाख ७० हजार, म्हणजे ४ कोटी ४१ लाख. देखभालीत नेहमीच्या पद्धतीला फिल्टर, पंख्यांचे पट्टे, कॉइलची धुलाई आणि छतात लपलेल्या शेकडो छोट्या झडपांच्या मोटरी सांभाळाव्या लागतात. तिचा खर्च वर्षाला १३ लाख धरू आणि दुसऱ्या पद्धतीचा १० लाख. आजच्या मोलात हे २ कोटी २३ लाख आणि १ कोटी ७२ लाख होतात. विसाव्या वर्षी चिलर, त्याची उष्णता बाहेरच्या हवेत सोडणारा कूलिंग टॉवर आणि पंप दोन्हीकडे बदलायचे, पण हवेची यंत्रं एकीकडे मोठी आणि दुसरीकडे छोटी. बदलीला २ कोटी ३० लाख आणि १ कोटी ५० लाख धरले तर आजच्या मोलात ८७ लाख आणि ५७ लाख.

बेरीज केली तर नेहमीची पद्धत १३ कोटींच्या थोडी वर जाते आणि थंड स्लॅब १० कोटींवर थांबतो. टेंडरच्या शेवटच्या ओळीतले ३ कोटी ३० लाख पहिल्या बेरजेचा जेमतेम चौथा हिस्सा आहेत.

इथे चोखंदळ वाचक विचारील की स्लॅबमधले पाइप खराब झाले तर? चिलर बदलता येतो, स्लॅब कसा बदलणार? शंका रास्त आहे, तेव्हा सगळ्यात वाईट शक्यता मोजून पाहू. समजा पंचविसाव्या वर्षी सगळे पाइप निकामी झाले आणि नेहमीची यंत्रणा नव्याने बसवावी लागली. ३ कोटी ३० लाखांचा तो फटका आजच्या मोलात ९७ लाखांचा. त्यानंतरच्या १५ वर्षांची वीज आणि देखभालीतली बचत हुकली, तिचे आणखी ४९ लाख. एकूण १ कोटी ४६ लाख. तीन कोटींची आघाडी निम्म्यावर येते, पण संपत नाही. वटाव दर १० टक्के घेतला तर पाइप शाबूत असताना आघाडी १ कोटी ७० लाखांच्या आसपास राहते.

खरा धोका पाइप फुटण्यापेक्षा दवाचा आहे. २६ अंशांच्या आणि ५५ टक्के दमट हवेचा दवबिंदू १६ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे २० अंशांचं छत कोरडं राहतं. पण जुलैतल्या मुंबईची २८ अंशांची, ८५ टक्के दमट हवा उघड्या खिडकीतून आत आली तर तिचा दवबिंदू २५ अंश असतो. छताला पाणी सुटणारच, आणि पाइपांतलं पाणी बंद केलं तरी काँक्रीट गरम व्हायला काही तास घेतं. म्हणून सकाळी आधी कोरड्या हवेचं यंत्र सुरू करायचं, खोली कोरडी झाली की मगच स्लॅबमध्ये पाणी सोडायचं. धोक्याची पहिली खूण छतावर दिसत नाही. पाइप जिथे एकत्र येतात तिथलं उघडं पितळी मॅनिफोल्ड १४ अंशांवर असतं, त्याला आधी घाम येतो. हुशार ऑपरेटर फेरी मारताना तिथे हात लावून पाहतो. हैदराबादची हवा पावसाळा सोडला तर बरीच कोरडी असते. कोकणपट्टीत हवा कोरडी करायलाच जास्त वीज लागेल, म्हणून ३४ टक्क्यांचा आकडा मुंबईला जसाच्या तसा लावू नये.

उभारणीतल्या चुकाही वेळेवर पकडता येतात. काँक्रीट ओतताना पाइप दाबाखाली ठेवतात आणि दाबमापक सगळ्यांना दिसेल असा टांगतात. कोणाच्या सळईने पाइप टोचला तर काटा लगेच खाली येतो आणि काँक्रीट ओलं असतानाच दुरुस्ती होते. पुढे छतात छिद्र पाडायचं झालं तर थंड पाणी सोडून औष्णिक कॅमेऱ्याने छत पाहायचं. पाइपांच्या ओळी स्वच्छ दिसतात.

कूलिंग टॉवर पाण्याचा म्हणून तो ईशान्येलाच हवा, असा आग्रह वास्तूच्या नावाखाली धरला जातो, त्याला अजिबात बळी पडू नये. टॉवरची जागा वाऱ्यावरून ठरवायची असते. त्याची गरम, दमट हवा त्याच्याच तोंडात परत शिरली किंवा ताज्या हवेच्या यंत्रात ओढली गेली तर चाळीस वर्षं दंड भरावा लागतो. ‘ग्रीन’ पाटीचंही तसंच. पाटी लावल्याने युनिटं कमी होत नाहीत, मीटर वेगळे बसवून महिन्याला वाचले तरच बचत टिकली की नाही ते कळतं.

थंड स्लॅबची मर्यादाही पक्की आहे. छत एका चौरस मीटरला साधारण ६०-७० वॉट उष्णता उचलतं, त्याहून फार जास्त नाही. चारी बाजूंनी काच असलेल्या, ऊन थेट आत घेणाऱ्या इमारतीला ते पुरत नाही. हैदराबादमध्ये आधी खिडक्यांवरचं ऊन अडवलं होतं, म्हणून स्लॅब पुरला. शिवाय पाइप स्लॅबमध्ये घालायची संधी बांधकामाच्या वेळी एकदाच मिळते. उभ्या इमारतीत छताखाली धातूचे थंड पॅनेल टांगता येतात. ते काढता-बदलता येतात, पण पहिला खर्च वाढतो आणि वरच्या हिशेबात बदलीची आणखी एक ओळ येते.