टीएसएच ४८, तरीही थायरॉइड निरोगी

समजा, एका स्त्रीच्या अहवालात टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणारे आणि थायरॉइड मंदावला की वाढणारे संप्रेरक, ४८ मिलीयुनिट प्रति लिटर आला आहे. एरवी तो साधारण ०.४ ते ४ असतो. मात्र तिचा फ्री टी४, म्हणजे थायरॉइडच्या थायरॉक्सिन या संप्रेरकाचा रक्तातला मोकळा भाग, सामान्य मर्यादेच्या अगदी मध्यावर आहे, आणि थकवा, वजनवाढ किंवा थंडी सहन न होणे यांपैकी कसलीच तक्रार नाही. थायरॉक्सिनच्या गोळ्या सुरू केल्यावर छातीत धडधड होऊ लागते, फ्री टी४ वरची मर्यादा ओलांडतो आणि टीएसएच तरीही ३९ च राहतो. इथे थायरॉइडपेक्षा आधी चाचणीवर संशय घ्यायला हवा.

या चाचणीत दोन प्रतिपिंडे टीएसएचच्या रेणूला दोन बाजूंनी धरतात. एक त्याला पकडून ठेवते, तर दुसऱ्यावरची खूण यंत्र मोजते. ही प्रतिपिंडे बहुधा उंदराच्या पेशींपासून बनवलेली असतात. काही माणसांच्या रक्तात प्राण्यांच्या प्रतिपिंडांना चिकटणारी हेटरोफाइल प्रतिपिंडे असतात; ती टीएसएच नसतानाही या दोघांमध्ये पूल बांधतात आणि यंत्राला तो टीएसएचच वाटतो. दुसरी शक्यता मॅक्रो-टीएसएचची. त्यात संप्रेरक खरे असते, पण रुग्णाच्याच आयजीजी प्रतिपिंडाला बांधलेले. सुमारे २८ किलोडाल्टनचा छोटा रेणू असा दीडशेहून अधिक किलोडाल्टनचा झाला, की तो मूत्रपिंडातून गाळला जात नाही, रक्तात साचत राहतो आणि थायरॉइडवर जवळजवळ काहीच परिणाम करत नाही.

प्रयोगशाळा प्रथम तोच नमुना वेगळी प्रतिपिंडे वापरणाऱ्या दुसऱ्या यंत्रावर तपासते. तिथे ४१ येतो. हेटरोफाइल प्रतिपिंडांना अडवणारी द्रव्ये असलेल्या नळीत ठेवूनही आकडा ४७ राहतो, आणि दुप्पट, चौपट विरलनात तो प्रमाणातच उतरतो. हेटरोफाइल प्रतिपिंडांची शक्यता त्यामुळे बरीच मागे पडते, पण पूर्ण मिटत नाही, कारण ती नळी प्रत्येक प्रतिपिंडाला अडवू शकत नाही.

मग सीरममध्ये तेवढेच २५ टक्के पॉलिइथिलीन ग्लायकॉल मिसळून अपकेंद्री यंत्रात फिरवतात. मोठी प्रथिने तळाशी बसतात. वरच्या द्रवात टीएसएच १.६ मिळतो, विरलनासाठी दुप्पट केल्यास ३.२, म्हणजे मूळच्या जेमतेम ७ टक्के. पाव हिश्शाहून कमी टीएसएच वर उरला, तर सामान्यतः मॅक्रो-टीएसएचचा संशय धरतात. पण हा ३.२ म्हणजे रुग्णाचा खरा टीएसएच, असे समजणे मला धोक्याचे वाटते, कारण या द्रव्याने साध्या टीएसएचचाही बराच भाग खाली बसतो. म्हणूनच सोबत सामान्य सीरमचे नमुने याच रीतीने तपासावे लागतात. शिवाय हेटरोफाइल प्रतिपिंडेही खाली बसतात, त्यामुळे एकट्या या चाचणीवर निदान ठरत नाही.

निर्णायक उत्तर जेल फिल्ट्रेशन देते. सच्छिद्र मण्यांच्या स्तंभातून जाताना छोटे रेणू छिद्रांत रेंगाळतात, मोठे आधी बाहेर पडतात. या स्त्रीचा जवळजवळ सगळा टीएसएच आयजीजीच्या जोडीने आधीच बाहेर पडतो आणि २८ किलोडाल्टनच्या जागी अगदी लहान शिखर उरते. गोळ्या थांबवल्या जातात. पुढे ती गरोदर राहिली तर बाळाच्या डॉक्टरांनाही हे कळवावे लागेल, कारण आईचे आयजीजी वारेतून बाळात जाते आणि नवजाताच्या तपासणीतही टीएसएच खोटा वाढलेला दिसू शकतो.