घरविक्रीच्या भांडवली नफ्याची पुनर्गुंतवणूक (कलम 54 आणि 54ईसी)

घर 24 महिन्यांहून अधिक काळ मालकीत ठेवून विकले की होणारा नफा दीर्घकालीन भांडवली नफा ठरतो. आयकर कायदा, 1961 नुसार हा नफा दुसऱ्या घरात (कलम 54) किंवा ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत (कलम 54ईसी) गुंतवल्यास त्यावरील कर माफ होतो. दोन्ही सवलती एकाच विक्रीवर मिळून घेता येतात. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या 2025 च्या कायद्यात ही तरतूद वेगळ्या कलम क्रमांकांखाली आहे.

या कलमांखाली विक्रीची सगळी रक्कम गुंतवावी लागत नाही, फक्त नफा गुंतवायचा असतो. भूखंड किंवा दुकान विकून घर घेणाऱ्याला मात्र कलम 54एफ लागू होते आणि तिथे पूर्ण सवलतीसाठी विक्रीची संपूर्ण निव्वळ रक्कम घरात जावी लागते. या दोन कलमांची गल्लत वारंवार होते.

कलम 54 ची सवलत व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब यांनाच मिळते. नवे घर भारतातच असले पाहिजे. ते विक्रीच्या आधी एक वर्षाच्या किंवा नंतर दोन वर्षांच्या आत विकत घ्यावे, अथवा विक्रीनंतर तीन वर्षांत बांधून पूर्ण करावे. नफा 2 कोटींपर्यंत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरे घेता येतात. सवलतीची कमाल मर्यादा 10 कोटी आहे.

रोख्यांत पैसे गुंतवायची मुदत मात्र विक्रीपासून फक्त सहा महिने, आणि मर्यादा 50 लाख. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी यांचे हे रोखे पाच वर्षे मोडता येत नाहीत. त्यांच्यावर कर्ज काढले तर रोखे विकले असेच धरून सवलत काढून घेतली जाते. व्याज (2025 मध्ये 5.25 टक्के) करपात्र असते.

म्हणजे रोख्यांचे दार घराच्या दारापेक्षा खूप आधी बंद होते. घर सापडलेले नसतानाच कोणत्या वाटेने किती पैसे जाणार हे ठरवावे लागते, आणि नियोजन बहुधा इथेच फसते.

उदाहरण घेऊ. पुण्यातला 30 लाखांना घेतलेला फ्लॅट 10 जून 2025 रोजी 1 कोटी 10 लाखांना विकला, दलाली 1 लाख गेली. नफा झाला 79 लाख. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला कर मोजताना 12.5 टक्के किंवा महागाई निर्देशांकासह 20 टक्के, यांतला कमी कर भरता येतो. पण पूर्ण सवलत हवी असेल तर गुंतवायचा आकडा निर्देशांक न लावलेला, म्हणजे 79 लाखांचाच राहतो.

मालकाच्या अंदाजाने नवे घर मुद्रांक शुल्क व नोंदणीसह 55 लाखांना पडेल. उरलेले 24 लाख त्याने 10 डिसेंबर 2025 पूर्वी रोख्यांत टाकायला हवेत. घरासाठी 10 जून 2027 पर्यंत वेळ आहे, पण रिटर्न भरायची मुदत 31 जुलै 2026 लाच संपते. तोवर घर झाले नसेल, तर रिटर्न भरण्यापूर्वी 55 लाख ‘कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम, 1988’ च्या खात्यात भरून त्याचा पुरावा ठेवावा लागतो. साध्या मुदत ठेवीत ठेवलेले पैसे चालत नाहीत. ती रक्कम नंतर घरात गेली तरी आयकर अधिकारी सवलत नाकारू शकतो, मग वाद अपिलात जातो.

हे खाते अधिकृत बँकेत फॉर्म ए भरून उघडतात. ‘ए’ प्रकार बचत खात्यासारखा, ‘बी’ मुदत ठेवीसारखा. बिल्डरला हप्ते द्यायचे असतील तर ‘ए’ सोयीचा. पैसे फॉर्म सी देऊन काढता येतात आणि ते 60 दिवसांत घरासाठीच खर्च करावे लागतात. उरलेले परत भरायचे. खाते बंद करताना फॉर्म जी लागतो आणि त्यावर आयकर अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. त्यात वेळ जातो.

समजा, फेब्रुवारी 2027 मध्ये घर 52 लाखांतच मिळाले. खात्यात राहिलेले 3 लाख आता रोख्यांत नेता येत नाहीत. विक्रीला तीन वर्षे पूर्ण होतात त्या आर्थिक वर्षात, म्हणजे 2028-29 मध्ये, ते करपात्र ठरतात. म्हणून घराचा अंदाज थोडा कमी धरून रोख्यांत जास्त टाकणे बहुतेकांना सोयीचे पडते. घर महाग पडल्यास वरची रक्कम स्वतःची घालता येते.

नवे घर कोणाच्या नावावर घ्यायचे, हाही कळीचा मुद्दा आहे. 54एफच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2008 मध्ये घर करदात्याच्याच नावावर हवे असे ठरवले. दिल्ली उच्च न्यायालयाने पत्नीच्या नावावरील घरालाही सवलत दिली आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातील विक्रेत्याने करारात स्वतःचे नाव घालावे.

नवे घर तीन वर्षांच्या आत विकले, तर त्याच्या खरेदी किमतीतून पूर्वी माफ झालेला नफा वजा केला जातो. वरच्या उदाहरणात 52 लाखांच्या घराची किंमत शून्य धरली जाईल आणि विक्रीची जवळपास सगळी रक्कम नफा ठरेल.