स्क्रीन टाइम : शाळेआधीचे आणि शाळकरी वय

मूल मोबाईल, टॅब, टीव्ही किंवा संगणकासमोर जितका वेळ असते, तो त्याचा स्क्रीन टाइम. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशींनुसार दोन वर्षांच्या आतल्या मुलाला स्क्रीन मुळीच दाखवू नये. अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. दहाच्या पुढे तासांची ठरावीक मर्यादा नाही. तिथे इतर गोष्टींशी मेळ बसतो का, हे पाहायचे असते.

तान्ह्या मुलाबाबत एवढी कडक भूमिका का, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगावरून कळते. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या, खेळवणाऱ्या माणसाकडून ऐकले तेव्हा बाळे त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. तेच साहित्य पडद्यावर दाखवले, तेव्हा ती काहीच शिकली नाहीत. बाळाला शिकायला त्याच्या नजरेला, हुंकाराला उत्तर देणारे माणूस लागते. व्हिडिओ कॉलवरची आजी ते उत्तर देते, कार्टून देत नाही.

आपल्याकडे सवय बहुधा जेवताना लागते. व्हिडिओ लावला की मूल तोंड उघडते आणि वाटीभर वरणभात पटकन संपतो. पण पोट भरल्याची जाणीव मागे पडते. मोबाईल बाजूला केल्यावर ते घासच घेत नसेल, किंवा रडू आवरायला दरवेळी मोबाईलच लागत असेल, तर सवय जडली असे समजावे. अशा वेळी एका जेवणापासून सुरुवात करावी आणि ते मूल दोन घास कमी जेवले तरी चालवून घ्यावे.

मोठ्या मुलाबाबत मिनिटे मोजण्यापेक्षा स्क्रीनने काय हिरावले, ते मोजणे जास्त उपयोगाचे. सातवीतला, सकाळच्या शाळेचा मुलगा घ्या. सहाला उठायचे आणि नऊ तास झोप हवी, म्हणजे रात्री नऊला अंथरुणात. दुपारी एकला तो घरी येतो, हातात आठ तास उरतात. जेवणखाण आणि आवराआवरीचे दोन, शिकवणी व गृहपाठाचे तीन, मैदानावरचा एक वजा केला तर दोन तास राहतात. हा वेळ संध्याकाळी गेला तर फारसे बिघडत नाही. तोच रात्री नऊनंतर गेला तर झोप सात तासांवर येते. गृहपाठासाठी उघडलेला मोबाईल यात वेगळा धरावा, पण तो दाराआड नको, बैठकीच्या खोलीत असावा. मूल सकाळी उठवूनही उठत नसेल किंवा मैदानावर जायचे टाळू लागले असेल, तर आधी रात्रीचा मोबाईल त्याच्या खोलीबाहेर ठेवावा.