प्रकल्पाचा गोषवारा आणि कव्हर लेटरमधला प्रकल्प: नदी तीच, मजकूर वेगळा

नदी स्वच्छतेचं काम करणाऱ्या संस्थेकडे इंटर्नशिपसाठी अर्ज करताना नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी कव्हर लेटरमध्ये आपल्या प्रकल्पाविषयी एक परिच्छेद लिहितात. बहुतेक वेळा तो प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावरून उचललेला गोषवारा असतो. गल्लत होणं साहजिक आहे, कारण दोन्हींत नदी तीच, ठिकाणं तीच, चाचण्याही त्याच. पण गोषवारा पाण्याविषयी सांगतो. कव्हर लेटरने सांगायचं असतं ते पाण्यात उतरलेल्या माणसाविषयी.

उदाहरणासाठी चिपळूणच्या वाशिष्ठीवरचा एक प्रकल्प घेऊ. चौघांचा गट, पर्यावरणशास्त्राचं शेवटचं वर्ष. त्याचा गोषवारा साधारण असा असेल:

«प्रस्तुत प्रकल्पात चिपळूण परिसरातील वाशिष्ठी नदीच्या तीन ठिकाणच्या पाण्याचे नमुने घेऊन विरघळलेला ऑक्सिजन, जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी व क्षारता यांचे परीक्षण करण्यात आले. गोवळकोट येथे ऑक्सिजनचे प्रमाण सर्वांत कमी आढळले. शहरातील सांडपाणी हे त्याचे प्रमुख कारण असून तातडीने उपाययोजना आवश्यक आहे.»

अहवालात हे चालतं. «करण्यात आले» अशी रचनाही तिथे योग्यच, कारण परीक्षकाला निष्कर्ष हवा असतो, कोणी काय केलं हे दुय्यम असतं. पण हाच मजकूर त्या गटातले चौघंही आपापल्या अर्जात चिकटवू शकतात, आणि चौघांतला नेमका कोण काठावर होता हे संस्थेला कळणार नाही. संस्थेच्या समन्वयकाला हेच पाहायचं असतं: नमुना कोणी घेतला, कसा घेतला, आणि आलेल्या आकड्यावर किती विसंबायचं.

ऑक्सिजनचीच चाचणी बघा. विंकलर पद्धतीत 300 मिलिलीटरची काचेची बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरावी लागते. आत एकही बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर हवेतला ऑक्सिजन मिसळतो आणि आकडा फुगतो. मग काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं, झाकण लावून बाटली उलटीपालटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, अजिबात नसेल तर साका पांढराच राहतो. यालाच ऑक्सिजन जागेवर स्थिर करणं म्हणतात. ते न करता बाटली तशीच दुपारच्या उन्हात एसटीने कॉलेजला नेली, तर पाण्यातले जीवाणू वाटेतच ऑक्सिजन खाऊन टाकतात. पुढचं टायट्रेशन प्रयोगशाळेत कोणालाही शिकवता येतं. काठावरची ही चार-पाच मिनिटं मात्र ज्याने सांभाळली, त्याच्यावर विश्वास टाकता येतो. गोषवाऱ्यात या मिनिटांना जागा नसते. कव्हर लेटरमध्ये मी ती सगळ्यात आधी शोधतो.

आता गोषवाऱ्यातलं शेवटचं वाक्य तपासू. गोवळकोटला ऑक्सिजन कमी आला म्हणून सांडपाण्याला दोषी धरलं. पण गोवळकोट खाडीच्या तोंडावर नसलं तरी भरतीचं पाणी तिथवर चढतं, आणि खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. 27 अंश तापमानाला गोडं पाणी लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, समुद्राचं पाणी साधारण साडेसहा. म्हणजे भरतीच्या वेळी घेतलेला नमुना सांडपाणी नसतानाही कमी आकडा दाखवू शकतो. वाशिष्ठीचा आणखी एक प्रश्न म्हणजे कोयनेचं अवजल. वीजनिर्मिती झाल्यावर सोडलेलं हे पाणी नदीत येतं, आणि उन्हाळ्यात नदीचा प्रवाह बराचसा त्याच्यावर चालतो. वीजनिर्मिती वाढली की पाणी वाढतं आणि सांडपाणी पातळ होतं. निर्मिती कमी झाली की तेच सांडपाणी दाट होतं. एकाच ठिकाणी सकाळी आणि संध्याकाळी वेगळे आकडे येऊ शकतात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

हे सगळं लक्षात घेऊन त्याच प्रकल्पावर लिहिलेला कव्हर लेटरमधला परिच्छेद असा होईल:

«आमच्या चौघांच्या गटात नमुने घेणे व ऑक्सिजन जागेवर स्थिर करणे हे काम माझ्याकडे होते. बहादूरशेख पूल, शिव नदीचा संगम आणि गोवळकोट धक्का या तिन्ही ठिकाणी आम्ही ओहोटी संपत असतानाच नमुने घेतले, जेणेकरून खाऱ्या पाण्याचा परिणाम कमीत कमी राहावा. तरीही गोवळकोटच्या नमुन्यात क्षारता जास्त होती. त्यामुळे तिथे कमी आलेल्या ऑक्सिजनमध्ये सांडपाण्याचा वाटा किती, हे केवळ आमच्या आकड्यांवरून सांगता येणार नाही. त्या दिवसांत अवजलाचा विसर्ग किती होता याची नोंद आम्ही ठेवली नव्हती. नमुने घेणे आणि नोंदवही ठेवणे ही कामे मी पहिल्या दिवसापासून करू शकेन. काढलेल्या कचऱ्याचे वर्गीकरण मी केलेले नाही, ते मला शिकावे लागेल.»

इथे एकही आकडा नाही, तरी वाचणाऱ्याला बरंच कळतं. अर्जदाराला भरती-ओहोटीचं वेळापत्रक वाचता येतं. आपल्या निष्कर्षाची हद्द तिला ठाऊक आहे. आणि संस्थेला तिला काय शिकवावं लागेल तेही कळलं. अहवालातला निष्कर्ष पत्रात थोडा मवाळ झाला याची काळजी करू नये. पाण्याचे आकडे घेऊन नगरपरिषदेत जायची वेळ संस्थेवर येते, तेव्हा समोरचा अधिकारी हाच प्रश्न विचारतो: नमुना भरतीचा की ओहोटीचा?

अनेकांचा अनुभव चाचण्यांचा नसून कचरा काढण्याचा असतो. तिथे गोषवाऱ्याची सवय किलोंच्या रूपाने पत्रात शिरते: «मोहिमेत इतके किलो प्लास्टिक काढले». खाडीकाठच्या कांदळवनातून काढलेल्या गोणीत, पिशव्यांच्या घड्यांमध्ये आणि जाळ्यांच्या तुकड्यांत गाळ आणि पाणी भरलेलं असतं. तशीच वजनकाट्यावर ठेवली तर निम्मं वजन चिखलाचंही असू शकतं. पत्रात एवढंच लिहा की वजन ओलं होतं की झटकून वाळवल्यावरचं, निर्माल्य आणि गाळ वेगळा केला होता का, आणि काट्यापाशी तुम्ही स्वतः होतात का. आकडा लहान झाला तरी चालेल. गेल्या मोहिमेशी तुलना करायला संस्थेला असाच आकडा उपयोगी पडतो.

उलट गल्लतही कधीकधी दिसते. «लहानपणापासून नदीची ओढ आहे» असली वाक्यं अहवालाच्या गोषवाऱ्यात येतात. तिथून ती काढून टाकावीत. पत्रात ती लिहायची असतील तर एका ओळीत लिहावीत.

गोषवारा फेकून द्यायचा नाही. पत्राच्या शेवटी सहीखाली «सोबत: प्रकल्प अहवालाचा गोषवारा, एक पान» असं लिहून तो वेगळा जोडावा. ज्याला निष्कर्ष पाहायचे आहेत तो ते पान उघडेल. मुलाखतीतले प्रश्न मात्र पत्रातल्या परिच्छेदावरच येतील. तेव्हा साका पांढरा राहिला तर काय समजायचं, याचं उत्तर तयार ठेवा.