पंचवीस मीटरवरची नंबर प्लेट आणि चष्म्याचा नंबर

लायसन्सच्या फॉर्म 1 मध्ये नजरेबद्दल एक साधा प्रश्न असतो: चांगल्या उजेडात, चष्मा असल्यास तो लावून, 25 मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट प्रत्येक डोळ्याने ओळखता येते का? बहुतेक जण ‘प्रत्येक’ हा शब्द न वाचताच ‘होय’ लिहून मोकळे होतात. चाळिशी ओलांडली की डॉक्टरांचा फॉर्म 1अ लागतो, आणि खरी अडचण तिथे उघडी पडते.

मोटारीच्या पाटीवरचं अक्षर 65 मिलिमीटर उंच असतं. 25 मीटरवरून ते जेवढं दिसतं, तेवढंच 6 मीटरवरून 15.6 मिलिमीटरचं अक्षर दिसेल. डॉक्टरांच्या तक्त्यावर 6/6 म्हणजे चांगली नजर, आणि खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी. तिथे 6/9 च्या ओळीतलं अक्षर साधारण 13 मिलिमीटरचं आणि 6/12 चं साडेसतरा मिलिमीटरचं. म्हणजे 6/9 वाचणाऱ्याला पाटी जमते, 6/12 वर अडकणाऱ्याची मात्र ओढाताण होते.

समजा, नागपुरातले 46 वर्षांचे एक गृहस्थ लायसन्स नूतनीकरणाला निघाले. उजवा डोळा 6/6, डावा 6/18. दोन्ही डोळे उघडे असताना उजवा सगळं सांभाळून घेतो, म्हणून त्यांना कधी शंकाच आली नाही. तपासणीत डाव्याला उणे 1.50 सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेतल्या दोषाचा नंबर निघाला, आणि त्याचा कोन, म्हणजे अॅक्सिस, 180. चष्मा आला, तरी डावा 6/12 च्या पुढे जाईना.

अशा वेळी नंबरच चुकला असं लगेच धरू नये. सिलिंडरची काच ठरावीक कोनातच बसावी लागते. ती 10 अंशांनी फिरली, तर त्या नंबरचा जवळपास तिसरा हिस्सा दुरुस्तीविना उरतो. इथे सुमारे अर्धा नंबर. गोल फ्रेमचा स्क्रू सैल झाला की काच आतल्या आत फिरते आणि बाहेरून काहीच कळत नाही. उजवा डोळा झाकून चष्मा नाकावर किंचित तिरपा करून पाहा. अक्षरं एकदम स्पष्ट झाली, तर काचेचा कोन हललेला आहे. दुकानातल्या लेन्सोमीटरवर अॅक्सिस मोजून घ्या. फिटिंगची चूक असेल तर ती दुकानदारानेच सुधारून द्यायची असते, उगाच नवा नंबर काढायला जाऊ नका.

दुसरी गफलत वाचायच्या चष्म्याची. तो लावून तक्त्यासमोर उभं राहिलं, तर चांगला डोळाही नापास होतो, कारण त्याने दूरचं धूसर दिसतं.

चष्म्यानेही भागत नसेल, तर पुठ्ठ्याला सुमारे 1 मिलिमीटरचं छिद्र पाडा आणि चष्मा लावूनच त्यातून तक्ता पाहा. ओळ सुधारली, तर दोष बहुधा नंबरात किंवा काचेत आहे. काहीच फरक पडला नाही, तर मोतीबिंदू किंवा पडद्याचा आजार असू शकतो. तेव्हा चष्म्याचं दुकान सोडून नेत्रतज्ज्ञ गाठा.