मांडीवरचा निळा डाग आणि घोट्यावरचे लाल ठिपके

"काही लागलेलं नाही, तरी मांडीवर काळंनिळं पडलंय. प्लेटलेट तर कमी झाल्या नसतील ना?" आमच्या लॅबमध्ये तपासणीसाठी रक्त द्यायला आलेल्यांपैकी कुणीतरी हे रोज विचारतं. रिपोर्ट येतो, प्लेटलेट 2 लाख 60 हजार असतात आणि माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. उलट ज्याच्या प्लेटलेट खरोखर 15 हजारांपर्यंत उतरलेल्या असतात, तो पायावरच्या ठिपक्यांना "घामोळं आलंय" म्हणत आठवडाभर कॅलामाइन लावत बसलेला असतो. घाबरायचं कशाला आणि हसण्यावारी न्यायचं काय, याची आपल्याकडे नेमकी उलटापालट झाली आहे. प्लेटलेट हा शब्द डेंग्यूने घराघरात पोचवला, त्या कमी झाल्या की अंगावर काय दिसतं ते मात्र मागेच राहिलं.

निळा डाग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कातडीखालची बारीक नळी फुटते आणि रक्त तिथेच साकळतं. आधी लालसर, मग निळाजांभळा, पुढे हिरवट, पिवळा, तपकिरी असे रंग बदलत साधारण दोन आठवड्यांत डाग जातो. साकळलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन शरीर मोडून नेत असतं, त्याचे हे रंग. त्यांतून रोग कळत नाही. हिरवा डाग म्हणजे यकृत बिघडलं, काळा डाग म्हणजे रक्त "खराब" झालं, असे तक्ते फॉरवर्ड होत असतात. ते सरळ पुसून टाकावेत. रंगावरून डाग किती दिवसांचा हेही नक्की सांगता येत नाही. पिवळी छटा दिसली तर तो आजचा ताजा नाही, एवढंच म्हणता येतं, आणि सावळ्या कातडीवर तीही नीट दिसत नाही. पायावरचे डाग चेहऱ्यावरच्यांपेक्षा जास्त दिवस रेंगाळतात.

रंगापेक्षा जागा जास्त बोलते. नडग्या, मांड्यांची पुढची-बाहेरची बाजू, दंड, हाताची बाहेरची बाजू ही ठोकर लागण्याचीच ठिकाणं आहेत. पलंगाचा कोपरा, ओट्याची कड, लोकलमधल्या सीटचा दांडा लागून जातो आणि पाच मिनिटांत विसरलाही जातो. बायकांच्या मांड्यांवर, नितंबांवर असे डाग सहज उठतात, बऱ्याचदा आईलाही तशीच सवय असते, आणि तपासण्या नॉर्मल येतात. म्हाताऱ्या माणसांच्या मनगटाच्या वर, उन्हाने विरलेल्या पातळ कातडीवर गडद जांभळे पट्टे येतात, ते हिरवे-पिवळे न होता तपकिरी खूण ठेवून विरतात. तो रक्ताचा दोष नव्हे, कातडीचा. पाठ, पोट, छाती, कान अशा न आपटणाऱ्या जागी, एकावेळी चार-पाच आणि तळहाताएवढे डाग दिसले, तर मात्र विचारणा करायला हवी. जे बाळ अजून रांगतही नाही, त्याच्या अंगावर एक डाग दिसला तरी डॉक्टरांकडे न्यावं.

आता ठिपक्यांकडे येऊ, कारण खरी गफलत इथेच होते.

प्लेटलेटचं रोजचं काम फार बारीक असतं. केसापेक्षाही बारीक रक्तवाहिन्यांना दिवसभर कुठे ना कुठे भेग पडत असते आणि प्लेटलेट तिथे जाऊन चिकटतात. त्या फार कमी झाल्या की या भेगा उघड्या राहतात आणि प्रत्येकीतून टाचणीच्या टोकाएवढं रक्त कातडीत उतरतं. म्हणून प्लेटलेट घटल्याची पहिली खूण बहुधा ठिपक्यांची असते: एक-दोन मिलिमीटरचे, लाल-जांभळे, सपाट, न खाजणारे. जिथे रक्ताचा दाब जास्त तिथे ते आधी उठतात, म्हणजे घोट्यांभोवती, पावलांवर, मोज्याच्या इलॅस्टिकखाली, परकराच्या नाडीच्या रेषेत. आमच्याकडे ते कधी कधी डोळ्यांदेखत उठतात. रक्त घेताना दंडाला बांधलेला पट्टा सोडला की पट्ट्याच्या खालच्या बाजूला ठिपक्यांची रांगोळी दिसते. अशी ट्यूब मी रांगेत ठेवत नाही, हातानेच आत नेऊन देते.

घामोळं, डास चावल्याची गांधी आणि हे ठिपके वेगळे ओळखायला काचेचा साधा पारदर्शक पेला पुरतो. तो ठिपक्यांवर टेकवून दाबायचा आणि काचेतून बघायचं. पुरळ असेल तर दाबल्यावर ते फिकं पडतं, कारण तिथलं रक्त अजून नळीतच असतं आणि बाजूला सरकतं. ठिपका तसाच राहतो, कारण ते रक्त नळीबाहेर पडलेलं असतं. कातडी गडद असेल तर तळपाय, तोंडाच्या आत टाळू आणि खालच्या पापणीची आतली बाजू बघावी. छाती-पोटावर वर्षानुवर्षं असलेले लालभडक उंच तीळ दाबून पूर्ण जात नाहीत, पण ते जुने असतात, त्यांची चिंता नको. ठिपके हाताला उंच लागले, तर गोष्ट बहुधा प्लेटलेटची नसून रक्तवाहिन्यांच्या सुजेची असते. तेही डॉक्टरांना दाखवायचंच, फक्त रस्ता वेगळा.

एक उदाहरण घेऊ. सव्वीस वर्षांची मुलगी आहे. महिनाभर मांड्यांवर निळे डाग येताहेत. घरचे म्हणाले "रक्त कमी आहे", म्हणून लोहाच्या गोळ्या चालू झाल्या. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त, पाळी नेहमीपेक्षा जास्त दिवस, आणि मोजे काढल्यावर ठिपक्यांचा पट्टा. सीबीसीत हिमोग्लोबिन 11.8, पांढऱ्या पेशी 7,200, प्लेटलेट 12 हजार. बघा, हिमोग्लोबिन जेमतेम खाली आहे. घरच्यांनी ज्या आकड्यावर बोट ठेवलं होतं, त्याचा या डागांशी संबंध नव्हता.

मशीनचा 12 हजार हा आकडा जसाच्या तसा घ्यायचा नसतो. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधल्या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि मशीन त्या मोजतच नाही. अंगावर एकही ठिपका नसताना आकडा एकदम घसरलेला दिसला की पहिला संशय याचाच. म्हणून काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली बघतात आणि गठ्ठे दिसले तर निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतात. या मुलीच्या काचपट्टीवर गठ्ठे नव्हते. एरवी एका दृश्यात दहा-पंधरा प्लेटलेट सहज दिसतात, इथे दोन-तीन दृश्यं सरकवल्यावर एखादी दिसत होती, तीही आकाराने मोठी. लाल आणि पांढऱ्या पेशी दिसायला ठीक होत्या, कोवळ्या विचित्र पेशी नव्हत्या. असं चित्र असलं की डॉक्टरांच्या मनात आयटीपी येतं: शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच प्लेटलेट नष्ट करते. औषधं, एचआयव्ही, हेपॅटायटिस सी अशी दुसरी कारणं वगळून ते निदान पक्कं करतात आणि मोठ्या माणसांत इतक्या कमी आकड्याला सहसा स्टिरॉइडने सुरुवात होते. लहान मुलांत हाच आजार सर्दी-तापानंतर अचानक येतो आणि बहुतेकदा काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप जातो.

आकड्यांबद्दल एक सांगून ठेवते. नॉर्मल प्लेटलेट दीड ते साडेचार लाख. पण 50 हजारांच्या वर असताना आपोआप ठिपके सहसा येत नाहीत, ते बहुधा 20-30 हजारांच्या खाली गेल्यावर येतात. तेव्हा 1 लाख 20 हजारांचा रिपोर्ट हातात धरून मांडीवरच्या डागाचं खापर त्याच्यावर फोडू नका, आणि त्यासाठी पपईच्या पानांचा रसही काढत बसू नका.

ठिपके नाहीत, पण डाग मोठे, खोल, गाठ लागणारे आहेत, गुडघा किंवा कोपर विनाकारण सुजतंय, दात काढल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त वाहतंय, अशी दुसरी तऱ्हा असते. इथे प्लेटलेट पुरेशा असतात, रक्त घट्ट करणारे घटक कमी पडतात. मुलग्यांत रांगण्या-चालण्याच्या वयात असं दिसलं तर हिमोफिलियाचा विचार होतो. यात सीबीसी अगदी सुरेख येते, म्हणून "सीबीसी नॉर्मल आहे, काही नाही" हे वाक्य मला आवडत नाही. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या पीटी आणि एपीटीटी या वेगळ्या तपासण्या आहेत आणि त्या वेगळ्या सांगाव्या लागतात. फॉन विलेब्रांड हा आनुवंशिक आजार तर या दोन्हींतूनही निसटू शकतो. त्याच्या खुणा म्हणजे सहज उठणारे डाग, वारंवार घोळणा फुटणं आणि पहिल्या पाळीपासून अतिरक्तस्राव. "आमच्या घरात सगळ्यांची पाळी अशीच" हे ऐकलं की तो विचार व्हायलाच हवा.

व्हिटॅमिनचं थोडक्यात. लोह कमी असल्याने निळे डाग पडत नाहीत. उलट त्यात प्लेटलेट कधी कधी वाढलेल्या असतात. बी-12 फारच खाली गेलं तर प्लेटलेट उतरू शकतात, पण तेव्हा हिमोग्लोबिनही पडलेलं असतं. क जीवनसत्त्वाची खरी कमतरता महिनोन्‌महिने फळं-भाजी पोटात न गेलेल्यांत दिसते: एकटे राहणारे वृद्ध, दारूचं व्यसन असलेले, मोजकेच पदार्थ खाणारी मुलं. त्यात हिरड्या फुगतात आणि पायांवर केसांच्या मुळाशी गोल लाल ठिपके येतात. रोज लिंबू पिळून जेवणाऱ्या माणसाने क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या तरी निळे डाग जाणार नाहीत. के जीवनसत्त्व काविळीत पित्ताची वाट अडली, आतड्यांनी चरबी शोषली नाही किंवा अँटिबायोटिक फार दिवस चाललं आणि खाणंही सुटलं, तर कमी पडतं. ते पीटी लांबल्यावरून कळतं. नवजात बाळाला जन्मतःच त्याचं इंजेक्शन देतात ते याचसाठी.

"रक्त कमी आहे" हे वाक्य एका ठिकाणी मात्र धोक्याचं ठरतं. डागांबरोबर चेहरा पांढुरका, जिना चढताना धाप, सारखा ताप, वजनात घट किंवा मानेत-काखेत गाठी असतील, तर अस्थिमज्जेचा आजार, त्यात ल्युकेमियाही, वगळावा लागतो. तिथे टॉनिकवर दोन महिने घालवणं परवडत नाही, त्याच आठवड्यात सीबीसी आणि काचपट्टी करून घ्यावी. ताप आणि पेल्याने न जाणारे ठिपके एकत्र आले, तोंडात रक्ताचे फोड दिसले, शौच काळी झाली किंवा ठिपक्यांसोबत जोराचं डोकं दुखू लागलं, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठावं.

साधे निळे डाग घेऊन जाणार असाल, तर औषधांची पूर्ण यादी बरोबर न्या: हृदयासाठीचं एस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अंगदुखीच्या गोळ्या, दम्याचं किंवा कातडीला चोळायचं स्टिरॉइड, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि सांधेदुखीवर कुणीतरी दिलेली बिनलेबलची पुडीसुद्धा, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड सापडतं. एस्पिरिनचा परिणाम शेवटच्या गोळीनंतरही आठवडाभर टिकतो. म्हणून "कालच बंद केली, तरी डाग येतात" याला अर्थ नाही, आणि हृदयासाठी चालू असलेली गोळी डागांच्या भीतीने आपल्या मनाने बंद करणं तर त्याहून वाईट.