फोटोतून चित्र : सहा मग, आठ रंग आणि एकसारखी पट्टी

मालाच्या फोटोवर 'कार्टून' किंवा 'पोस्टर' नावाचा फिल्टर लावला की एक छान चित्र मिळतं. दुसऱ्या फोटोवर तोच फिल्टर लावला की दुसरंही छान मिळतं. पण दोन्ही एका बॅनरवर शेजारी ठेवली की ती दोन वेगळ्या चित्रकारांनी काढल्यासारखी दिसतात. यात फिल्टर बिघडलेला नसतो. तो प्रत्येक फोटोकडे सुटंसुटं बघतो, आणि एकसारखेपणा तर सगळ्या फोटोंना मिळून ठरवावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. निळ्या झिलईचे चिनी मातीचे सहा मग आहेत, 8 ते 12 सेंटीमीटर उंचीचे. त्यातल्या एकाच्या काठावर 2 मिलिमीटरची लाल रेघ आहे. बॅनर 1500 बाय 500 पिक्सेलचा हवा आहे.

फोटोचं सपाट चित्र होतं ते रंगांची संख्या कमी केल्यामुळे. फोटोत हजारो छटा असतात. त्यांच्या जागी सात-आठ ठेवल्या की उजेडाकडून सावलीकडे जाणारा हळुवार उतार पायऱ्यांमध्ये मोडतो आणि डोळ्याला ते रंगवलेलं वाटतं. मात्र पायरी नेमकी कुठे पडणार, हे फोटोत किती उजेड आला त्यावर ठरतं. छायाचित्रणात वापरतात ते 18 टक्के प्रकाश परतवणारं करडं कार्ड योग्य उजेडात टिपलं, तर नेहमीच्या 0 ते 255 च्या मापात त्याची किंमत साधारण 118 येते. उजेड अर्धा स्टॉप जास्त पडला, म्हणजे सुमारे 1.4 पट झाला, की तीच किंमत 138 च्या आसपास जाते. पायरीची सीमा समजा 128 वर आहे. मग एकाच झिलईचा तोच भाग एका फोटोत गडद निळा होईल, दुसऱ्यात फिकट निळा. साध्या फोटोत हा फरक जाणवलाही नसता. पायऱ्या पाडल्या की तो ढळढळीत दिसतो.

आणि फोनचा कॅमेरा आपणहून हा फरक घडवतो. पांढरी वस्तू समोर आली की तो उजेड कमी करतो, काळी आली की वाढवतो. म्हणून शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स हाताने बांधून ठेवावेत आणि सहाही मग त्याच जागी, त्याच अंतरावरून टिपावेत. पहिल्या फोटोत करडं कार्ड ठेवलं की पुढे रंग तपासायला आधार मिळतो. दिवा एका बाजूला, समजा डावीकडे, आणि त्याच्यासमोर पातळ पांढरं कापड किंवा ट्रेसिंग पेपर. झिलईवर दिव्याचा उघडा ठिपका उमटला तर तिथे किंमत 255 ला जाऊन टेकते. त्याखालचा निळा रंग फोटोत नोंदलाच जात नाही, आणि नंतर कितीही खटपट केली तरी तो परत येत नाही.

फोटो काढले की आधी आकार जुळवायचा. इथे घाई करणारे हमखास चुकतात. आधी चित्र करून मग लहान-मोठं केलं, तर एका मगाची कड तीन पिक्सेलची राहते आणि दुसऱ्याची सहाची, कारण दोघांना वेगवेगळ्या पटीत आवळलेलं असतं. म्हणून माप आधी ठरवावं : 1 सेंटीमीटर म्हणजे 50 पिक्सेल. सर्वात उंच मग 600 पिक्सेलचा, सर्वात लहान 400 चा. बॅनरवर ते 300 आणि 200 चे होणार आहेत; दुप्पट आकारात काम करून शेवटी निम्मं केलं की कडांवरचे दातरे मऊ होतात.

मग पार्श्वभूमी कापून प्रत्येक मग एकाच सपाट पांढऱ्या रंगावर ठेवायचा आणि flat-1.png ते flat-6.png अशा नावांनी साठवायचा. हे सौंदर्यासाठी नाही. रंग निवडणारा प्रोग्रॅम पिक्सेलची संख्या बघतो. मागचा कागद फोटोचा मोठा भाग व्यापत असेल आणि त्यावर सावलीचे उतार असतील, तर आठातले तीन-चार रंग त्या कागदाच्या करड्या छटाच खाऊन टाकतात. सपाट पांढऱ्याला मात्र एकच जागा लागते.

आता सहाही मग एकत्र जोडून त्यांच्यातून एकच रंगसंच काढायचा आणि तोच प्रत्येकाला लावायचा. इमेजमॅजिक या मोफत प्रोग्रॅममध्ये हे दोन ओळींत होतं :

```
magick flat-*.png -statistic Median 7x7 -append -quantize Lab +dither -colors 8 -unique-colors palette.png
magick flat-1.png -statistic Median 7x7 +dither -remap palette.png -write full-1.png -resize 50% out-1.png
```

दुसरी ओळ सहा वेळा चालवायची, फक्त फाइलींच्या नावातला आकडा बदलून. `Lab` ही 1976 मध्ये ठरलेली रंगमापन पद्धत. तिच्यात दोन रंगांमधलं अंतर डोळ्याला जाणवणाऱ्या फरकाच्या बरंच जवळ असतं, त्यामुळे निवडही डोळ्याला पटेल अशी होते. `+dither` मुळे दोन रंगांचे ठिपके मिसळून तिसऱ्याचा भास करण्याची खोड बंद होते. ती खोड राहिली तर सपाट भाग वाळूसारखा रवाळ दिसतो. `Median` प्रत्येक पिक्सेलच्या जागी 7 बाय 7 च्या चौकोनातली मधली किंमत ठेवतो. त्याशिवाय कॅमेऱ्यातून आलेला बारीक रवाळपणा पायरीच्या सीमेवर रंग इकडेतिकडे ढकलतो आणि कड कसर लागलेल्या कापडासारखी होते.

या सफाईची किंमतही आहे. सात पिक्सेलच्या चौकोनात तीन पिक्सेल रुंदीची रेघ नेहमी अल्पमतात राहते, म्हणून ती नाहीशी होते. आपल्या मापात तीन पिक्सेल म्हणजे 0.6 मिलिमीटर. मगावर छापलेली बारीक अक्षरं त्याहून सडपातळ असतील तर ती जाणारच. त्यांना वाचवायला चौकोन लहान करत बसू नये; अक्षरं शेवटी वेगळ्या थरावर नव्याने टाकावीत. फिल्टरमधून अर्धवट वाचलेली अक्षरं गेलेल्या अक्षरांपेक्षा वाईट दिसतात.

लाल काठाची अडचण निराळी आहे. 2 मिलिमीटर म्हणजे 10 पिक्सेल, तेव्हा सफाईतून तो सुखरूप निघतो. पण सहा मगांच्या एकूण निळ्यापुढे तो इतका थोडा असतो की रंगसंचात त्याला जागाच मिळत नाही, आणि काठ तपकिरी किंवा जांभळट होतो. उपाय सोपा आहे. `palette.png` ही 8 पिक्सेल रुंद आणि 1 पिक्सेल उंच फाइल असते. दुसरी ओळ चालवण्याआधी ती चित्रसंपादकात उघडून, एकमेकींच्या सर्वात जवळच्या दोन छटांपैकी एक पुसायची आणि तिथे फोटोतून उचललेला लाल भरायचा. फाइल जेपीईजीत कधी साठवू नये. ती आवळताना शेजारचे रंग एकमेकांत सांडतात. पीएनजीच ठेवावी.

तपासणी डोळ्यावर सोडू नये. शेवटचं निम्मं करण्याआधीच्या, full-1.png ते full-6.png या चित्रांत रंग उचलण्याचं साधन घेऊन प्रत्येक मगाच्या उजेडातल्या बाजूवर टिचकी मारावी; सहाही ठिकाणी तोच रंगक्रमांक यायला हवा. एखाद्याचा पुढच्या पायरीत गेला असेल तर रंगसंचाला हात न लावता त्या फोटोचा उजेड सुधारून पुन्हा चालवावं. मग सगळं करड्या छटांत बदलून पाहावं. गडद निळा आणि लाल तिथे एकसारखे दिसले तर लहान पडद्यावर काठ हरवेल. लाल थोडा उजळ करावा, पण झिलईचा मुख्य निळा फोटोतला आहे तसाच राहू द्यावा, कारण घेणारा त्याच रंगाचा मग घ्यायला येतो.

मांडणी करताना एक मोह होतो : दोन मगांचे कान समोरासमोर यावेत म्हणून एकाला आरशासारखं उलटवायचं. त्याबरोबर त्याचा उजेडही उजवीकडे जातो आणि सावल्या परस्परांविरुद्ध पडतात. कान त्या बाजूला हवा असेल तर मग फिरवून फोटोच पुन्हा काढावा.